पाचात एक वाटा

दादू खाटकाच्या गाळ्यावर पाटी होती, ‘बिनचरबीचा खिमा’. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘खात्री करून घ्यावी’. रत्नागिरीच्या मटण बाजारात अशी पाटी लावणारा तो पहिलाच. बोकड समोर टांगलेला दिसतोय, हातच्या काकणाला आरसा कशाला, असं बाकीचे खाटीक म्हणायचे. म्हणोत बापडे. पाटी का लागली ते दादूला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांमागची, त्र्याऐंशी सालची गोष्ट. वनस्पती तुपात चरबीची भेसळ सापडली म्हणून पेपरांत बोभाटा झाला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात येसूबाईनं दादूकडचा खिमा कागदातून उघडला, बोटांवर चोळला आणि भर बाजारात बोंब ठोकली, "अगो बाय, चमाकतो बघ कसा! चरबी घातली हाय मेल्यानं!"

येसूबाई म्हणजे साधी बाई नव्हे. नवरा बंदरावरचा सारंग, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, आणि आवाज असा, की सारंगानं भोंगा घरी ठेवला तरी चालावं. दादू सांगत राहिला, अहो वैनी, बोकडाच्या अंगचीच चरबी आहे, माझा बापही असाच द्यायचा. पण चरबी या शब्दाचे ते दिवसच वाईट. पंधरा दिवस गाळ्याकडे कुत्रं फिरकलं नाही. बापाच्या काळापासूनचं नाव एका सकाळी मातीत गेलं, आणि दादूला ते फार लागलं. त्यानं पाटी रंगवून घेतली. तेव्हापासून तो खिम्याच्या मांसातून पांढरं म्हणून दिसेल ते सुरीच्या टोकानं काढून टाकायचा. खिमा कसा, लालभडक. गिऱ्हाईक परतलं. येसूबाईही परतली, आणि "आता कसा, बघ!" असं वर म्हणाली.

काढलेली चरबी फेकवत नसे. दादू ती घरी न्यायचा. त्याची बायको मालन घरच्या खिम्यात ती बारीक करून घालायची. खाटकाच्या घरी काय शिजतं ते कोण बघायला येतंय?

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका गुरुवारी रामा आला. रामा आणि दादू एका शाळेत एका बाकावर नापास झालेले. पुढे दादू सुऱ्याला लागला आणि रामा बोटीवर गेला. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. रामानं सव्वीस वर्षं भंडारीपण केलं, अर्धी दुनिया पाहिली, आणि आता मांडवीच्या वाटेवर कबाब आणि बर्गरची गाडी काढत होता. येत्या रविवारी नारळ फुटायचा होता. खिमा अर्थातच दादूचा.

रामानं ताटली ओट्यावर आपटली. ताटलीत करड्या रंगाचा भुगा होता.

"ह्यो काय?" दादूनं विचारलं.

"बर्गर."

"ह्यो?"

"माज्या गाडीवरच्या पोऱ्यानं, केरूनं, पावात घातलान, पयला घास घेतलान, आणि सगळा त्याच्याच पांढऱ्या पँटीवर! कबाब तर सळईवर ऱ्हायलाच नाय, निखाऱ्यात पडला. अंडां घातलां, बेसन घातलां, तर ती भजी झाली. मीठ लावून मळ मळ मळला, तर रबर! दादू, तुज्या मटनात जीव नाय."

दादूचं डोकंच फिरलं. "माजा बोकड सकाळी कापलेला असतो, रामा! पुऱ्या बाजारात असा लाल खिमा दाखव."

"लालच हाय, तीच तर भानगड! अरे, पांढरां कुठाय?"

दादूनं मुकाट पाटीकडे बोट केलं.

रामा पाटी वाचून हसला नाही. ओट्याला टेकून सांगू लागला. मांसाला आच लागली की ते आकसतं, आणि आकसलं की आपलं पाणी पिळून बाहेर टाकतं. नुसतं लाल मांस असेल तर मागे उरतात कोरडे कण, एकाला एक धरत नाहीत. चरबी असली तर ती वितळून कणांच्या मधे राहते, घास ओला आणि मऊ लागतो. "पंचवीस माणसांच्या बोटीवर मी ह्यां शिकलो. बर्गरला पाचात एक वाटा. कबाबाला वायच जास्त, किलोत पावशेर."

"माज्या गाळ्यावर चरबी कापली जाणार नाय."

"मग मला दुसरा खाटीक बघायला लागंल."

हे रामा शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त झोंबलं. दादू सुरा पुसत राहिला. चरबी म्हटलं की त्याच्या कानात येसूबाईचा आवाज यायचा, आणि ते पंधरा दिवस आठवायचे, जेव्हा मासेवाल्यासुद्धा त्याच्याकडे बघून पदराआड कुजबुजायच्या.

"निदान एकदा बघ तरी," रामा म्हणाला. "सांजच्याला ये. मटान घेऊन ये, आणि चरबी येगळी आण. कागदात गुंडाळून आण हवी तर."

संध्याकाळी दादू गेला. चरबी खरंच कागदात गुंडाळून, वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत. रामानं जेटीवरून बर्फ आणून परातीत घातला होता, त्यावर मटणाचं पातेलं. खिमा गार पाहिजे, नाही तर कापतानाच चरबी पाघळते आणि सगळा चिकट लगदा होतो, असं त्याचं म्हणणं.

कागद उघडताच मात्र दादूतला खाटीक जागा झाला. रामा गुर्द्याजवळची घट्ट चरबी उचलत होता.

"ती नुसती नको," दादू म्हणाला. "बोकडाची गुर्द्याची चरबी म्हंजे मेणबत्ती. गरम हाय तवर बरी, थंड झाली की टाळ्याला चिकटून बसते. अर्धी ती घे, अर्धी छातीची. छातीची मऊ असते."

रामानं भुवया उंचावल्या. "बोटीवर बोकड कुठला मिळायला! ह्यां तुलाच ठावं."

तीन वाटे केले. एक पाटीवरचा, लालभडक. दुसरा पाचात एक. तिसरा तिनात एक, दादूचीच हौस, कारण चरबी चांगली तर जास्त चरबी जास्त चांगली, असं त्याला वाटलं. मीठ, आलं-लसूण, मिरची तिन्हींत सारखं.

पहिल्याच्या कडा तव्यावर लगेच पाणी सोडून करड्या पडल्या. उलथन्यानं उचलताना मधोमध भेगाळला. तिसऱ्यातून इतकं तेल वाहिलं की तो आपल्याच तेलात तळला गेला आणि बशीएवढा होता तो वाटीच्या तोंडाएवढा उरला. त्याचाच एक गोळा सळईवर लावला, तर चरबी निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडाला आणि रामाच्या मिशीचं एक टोक गेलं. रामानं दादूच्या हौसेला बोटीवरच्या चार भाषांत शिव्या घातल्या. दुसरा मात्र तव्यावर गपगुमान शिजला. कडा लालसर झाल्या, मोडला नाही.

दादूनं त्याचा तुकडा तोंडात घातला, आणि चावायचा थांबला.

ही चव त्याला नवी नव्हती. ही मालनच्या हातची चव होती. दोन वर्षं दर बुधवारी आणि रविवारी तो घरी हेच खात होता, आणि गावाला पहिल्या वाट्याचा भुगा विकत होता. पहिल्या वाट्याचा तुकडाही त्यानं मग मुद्दाम खाल्ला. नीट चावून, गिळून. लाज वाटली त्याला. ती त्यानं कुणाला सांगितली नाही.

"रविवारी देतो," एवढंच म्हणाला.

आणि रविवार उजाडला. रविवार म्हणजे मटणाचा वार, गाळ्यासमोर रांग. रामाचा खिमा मागच्या खोलीत बसून कापता आला असता. मालननं तसं सुचवलंही होतं. पण दादूनं ठोकळा पुढे ओढला, पांढरी चरबी सगळ्यांच्या देखत तराजूत टाकली, मांसाबरोबर ठोकळ्यावर घेतली आणि सुरा चालवायला लागला.

रांगेतल्या माना उंचावल्या.

"दादू, चरबी काय रे ती?" मागून कुणीतरी विचारलं.

"व्हय. ह्याच बोकडाची. पाचात एक वाटा."

रांगेत पुढून दुसरी येसूबाई उभी होती. सारंग फाल्गुनात वारला. तेव्हापासून ती पावशेरच नेत असे. दादूनं मान वर केली नाही. आता बोंब होणार, मागल्यासारखीच, आणि मग पुन्हा पंधरा दिवस. सुरा चालत होता आणि तो वाट बघत होता.

येसूबाई ठोकळ्याजवळ आली. खिम्याची चिमूट उचलून तिनं बोटांवर चोळली. बोटं चमकली.

"पाटी लावायच्या आदी असाच देत व्हतास ना तू?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू. येसूबाईला हळू बोलता येतं हे बाजाराला त्या दिवशी कळलं.

"व्हय वैनी."

"मग तवापासनंच." तिनं बोटं पदराला पुसली. "यांना माज्या हातची कटलेटां लय आवडायची. मग फुटायला लागली. सुकी व्हायला लागली. रवा घातला, बटाटा घातला. शेवटी शेवटी ताटात तशीच ठेवायचे. म्हनायचे, येसू, तुजा हात गेला गो. मला पन वाटलां, वय झालां, गेला आसंल."

दादूचा सुरा थांबला. गप्प बसला असता तरी चाललं असतं. म्हातारीचा हात गेला की खाटकाचा खिमा बिघडला, हे कोण सिद्ध करणार होतं? बाजारात त्याचं नाव होतं, पाटी होती, आणि रांगेत पंधरा माणसं कान देऊन उभी होती.

"हात नाय गेला तुमचा," दादू म्हणाला. रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "खिमाच सुका व्हता माजा. तुमच्या बोंबेला भिऊन मी सगळी चरबी काढत व्हतो. आणि घरी, वैनी, घरी मी चरबीवालाच खात व्हतो."

शेजारच्या गाळ्यावर कोणीतरी हाड तोडत होतं.

"बोंबललेली मीच," येसूबाई म्हणाली. मग पदर नीट केला. "अर्धा किलो दे. ह्यातलाच."

दादूनं रामाच्या वाट्यातला अर्धा किलो तोलला, कागदात बांधला आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. ती पायरी उतरली, आणि थांबली.

"करते आता," ती म्हणाली. "पन खायाचा कुनी, तां पन सांग."

मागच्या गिऱ्हाइकानं पिशवी पुढे केली आणि म्हटलं, "मलाही तसाच दे." दादूनं चरबीचा तुकडा उचलला. पाटी त्यानं दुपारी गाळा धुताना काढली.