शेवटच्या प्रश्नातला ‘किंवा’

सरांच्या कुशीत कळ आली, स्कॅन झाला आणि रिपोर्ट यायच्या आत मूतखडा आपल्या पायांनी निघून गेला. खरं तर प्रकरण तिथेच मिटायचं. पण रिपोर्ट मागाहून आलाच. त्यात खड्याला एक ओळ होती आणि बाकी सगळी जागा इतरांनी बळकावली होती. मणक्यात ‘डीजनरेटिव्ह’ बदल. यकृताच्या उजव्या बाजूला बावीस मिलिमीटरचं ‘लीजन’, तेही ‘इनडिटरमिनेट’.

“इंटरनेटवर बघू नका हं, बाबा,” मुलगी फोनवर म्हणाली.

“छे छे,” सर म्हणाले. तोवर त्यांचं बघून झालं होतं. चहा निवेपर्यंत ते चार वेगवेगळ्या रोगांनी गेले होते, त्यातल्या एकाने तर दोनदा.

“सोमवारी डॉक्टर दहाच मिनिटं देतील. प्रश्न लिहून न्या. तीन-चारच. महत्त्वाचा सगळ्यात आधी.”

“मला प्रश्न काढायला शिकवतेस?”

हे मात्र मुलीचं चुकलंच. सरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं परीक्षेचे पेपर काढले. पेपर काढणाऱ्याचा धर्म एकच असतो: सोप्याकडून अवघडाकडे. पहिल्या प्रश्नाने परीक्षार्थीला धीर यावा, शेवटच्याने घाम फुटावा. आणि घाम फोडणाऱ्या प्रश्नाला ‘किंवा’ द्यावा, कारण शेवटी तीही कोणाची तरी लेकरं असतात.

रविवारी सरांनी समास आखून दोन पानं भरली.

प्र. १. रिकाम्या जागा भरा: खडा ___ मिमीचा होता व पुन्हा होण्याची शक्यता ___ आहे.
प्र. २. चूक की बरोबर ते सांगा: लिंबूपाणी प्यायल्याने खडा होत नाही.
प्र. ३. कारणे द्या: रुग्णाला जेवणानंतर लगेच झोप येते.
प्र. ४. फरक स्पष्ट करा: डाग आणि गाठ.

असं करत करत प्र. ९. यकृतातील डाग कॅन्सरचा आहे काय? किंवा, मणक्याची झीज यावर थोडक्यात टीप द्या.

सरांच्या बायकोने चष्मा लावून पेपर वाचला आणि परत दिला.

“अक्षर छान आहे,” ती म्हणाली. त्या चार दिवसांत तिने दोनदा दूध उतू घालवलं होतं, तेव्हा हेसुद्धा पुष्कळच झालं.

सोमवारी दवाखान्यात बाकावर सोळा जण होते. दाराशी बसणारी नर्सबाई नावं पुकारत होती आणि आपलं नाव आलं की प्रत्येकजण चोरी पकडल्यासारखा उठत होता. सरांचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. सरांनी पेपर टेबलावर ठेवला, सुलटा करून त्यांच्याकडे वळवला आणि सवयीने घड्याळात पाहिलं.

“अरे वा!” डॉक्टरीणबाई सावरून बसल्या. पेपर समोर आला की माणूस कितीही शिकलेला असो, सावरून बसतोच. “रिकामी जागा... चार मिमी. आणि शक्यता, हो, बरीच. पाणी भरपूर प्या.”

“लिंबू?”

“चांगलं. पण खरं काम पाण्याचं.”

“चूक की बरोबर?”

“अर्धं बरोबर.”

“अर्धा गुण,” सर उदारपणे म्हणाले.

जेवणानंतरच्या झोपेत दोन मिनिटं गेली. चौथ्या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृतीही काढली. नर्सबाईने दार किलकिलं करून “बाहेर अजून बारा आहेत” असं छताला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने खालचे प्रश्न उरकले, नववा वाचला, आणि जगातल्या कुठल्याही परीक्षार्थीने जे केलं असतं तेच केलं.

“मणक्याची झीज! ती या वयात सगळ्यांच्याच स्कॅनमध्ये दिसते. केस पिकतात तसंच ते. दुखत नसेल तर काही करायचं नाही.”

“झालं तर!” सर ताडकन उठले. इतक्या चपळाईने ते खडा निघून गेल्यापासून उठले नव्हते. “चल गं.”

बायको उठली नाही. तिने पर्समधून पेन काढलं, पेपर आपल्याकडे ओढला, नवव्या प्रश्नातला ‘किंवा’ आणि त्याच्या पुढचं सगळं एका रेघेत खोडलं आणि पेपर पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे सरकवला.

“हा सक्तीचा आहे,” ती म्हणाली.

“अगं, असा मधेच पेपर बदलता येत नाही!”

“बसा तुम्ही खाली.”

सर बसले. डॉक्टरीणबाईंनी पेपर बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ सरांकडे पाहिलं.

“मी आधी याच प्रश्नापासून सुरू करायला हवं होतं. ‘लीजन’ म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळी दिसणारी जागा. चांगली की वाईट, ते त्या शब्दात नाही. ‘इनडिटरमिनेट’ म्हणजे या स्कॅनवरून सांगता येत नाही. तुमचा स्कॅन खड्यासाठी होता, शिरेतून औषध न देता. त्यात खडा छान दिसतो, यकृतातला डाग कसला ते नाही. कॅन्सर असेल असं मला आत्ता वाटत नाही, पण नाहीच असंही बघितल्याशिवाय म्हणणार नाही. औषध देऊन एमआरआय केला की बहुतेक वेळा कळतं. याआधी पोटाचा स्कॅन झाला होता कधी?”

“नाही,” सर म्हणाले.

“झाला होता,” बायको म्हणाली. “नऊ वर्षांपूर्वी. स्कूटरवरून पडले तेव्हा. हात तुटला होता, यांच्या लक्षात फक्त हातच राहिलाय.”

“सीडी आहे?”

“माळ्यावर. हे काही टाकत नाहीत.”

“मग एमआरआयच्या आधी ती आणा. डाग तेव्हाही होता आणि तेवढाच होता, तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल. रेडिओलॉजिस्ट दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून बघतील.”

सीडी सापडली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, दोरी बांधून, वर तारीख घालून. सोबत तेव्हाचा रिपोर्टही होता. ‘आतून रक्तस्राव नाही’ ही पहिली ओळ सरांनी त्या वेळी लाल शाईने अधोरेखित केली होती. पुढचं बहुधा वाचलंच नव्हतं, कारण शेवटच्या ओळीत यकृताच्या उजव्या बाजूचा डाग मुकाट्याने बसून होता.

बुधवारी फोन आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती.

“सर, तोच डाग आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेव्हा एकवीस मिमी, आता बावीस. तेवढा फरक मोजण्यातही पडतो. तो जुना स्कॅन औषध देऊन केला होता, त्यामुळे त्यात स्पष्ट दिसतंय: रक्तवाहिन्यांचा साधा पुंजका आहे, हीमँजिओमा म्हणतात. कॅन्सर नाही. एमआरआय नको, औषध नको.” मग त्यांनीच विचारलं, “किती गुण मिळाले मला?”

“लिंबाचा अर्धा कापलाय,” सर म्हणाले. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बायकोने नळ बंद केला, पण वळली नाही.

“सुटला,” सर म्हणाले.

“कुठला?”

“सक्तीचा.”

तिने पातेलं ओट्यावर पालथं घातलं, ओल्या हातांनीच चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. मग म्हणाली,

“पुढच्या वेळी पेपर मी काढणार.”