तळाशी नऊ मथळे

चारशे व्हॉल्व्हची यादी पीडीएफमधून एक्सेलमध्ये उतरवून ऑपरेटरबाईंनी छपाईला बसवली होती: कागद ए-फोर आडवा, रुंदी एका पानात, लांबी मोकळी आणि नंबर, दाब, व्यास अशी रकान्यांच्या मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर आपोआप. सुपरवायझरांनी ती सोय काढून टाकली. "मला शिकवू नका," म्हणत त्यांनी दर चाळीस व्हॉल्व्हनंतर पान तोडलं आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर मथळ्याची ओळ हाताने कॉपी करून चिकटवली. बाई पुढच्या कामाला लागल्या.

दुपारी मॅनेजरनी यादी नंबराच्या क्रमाने मागितली. सुपरवायझरांनी स्वतःच क्रम लावला आणि न बघताच छापली.

मीटिंगमध्ये मॅनेजर पानं उलटत राहिले. पहिल्या पानानंतर मथळा कुठेच नव्हता. "हा आकडा दाबाचा की व्यासाचा?"

"बाईंनी घोळ घातलाय," सुपरवायझर म्हणाले.

बाईंनी शेवटचं पान उपसून टेबलावर ठेवलं. शेवटच्या व्हॉल्व्हखाली नऊ मथळे एकाखाली एक उभे होते.

"सुपरवायझरसाहेबांनी हाताने चिकटवलेले. क्रम लावला की आकडे आधी, अक्षरं शेवटी; म्हणून तळाला गेले," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं, पण मला शिकवायची मनाई होती."