निळ्या बुटांचा फोटो

दीड वाजता पाळणाघरातली सगळी पोरं झोपली होती आणि मी भिंतीला टेकून फोनवर आमचा अल्बम बघत होते. तेवढ्यात एका फोटोखाली दोन ओळी उमटल्या. 'निळे बूट छान दिसतात. लवकरच भेटू.'

फोटो जुळ्यांच्या आईने टाकला होता. पुढे तिची जुळी चिखलात लोळत होती, आणि मागे, फाटकाजवळ, निळ्या बुटांत घारू उभी होती. तिच्या डोक्यावर आमच्या पाळणाघराची पाटी अगदी स्वच्छ वाचता येत होती.

घारूला दाखल करताना तिच्या आईने कोर्टाचा कागद दाखवला होता. बापाला मुलीजवळ जायची मनाई होती आणि ती कुठे असते हेही त्याला कळता कामा नये, म्हणून तिचा फोटो कुठेही जाऊ द्यायचा नाही. मी डोळ्यांत तेल घालून जपलं होतं, पण फक्त माझ्या फोटोंपुरतं. अल्बममध्ये सगळ्याच आया फोटो टाकत होत्या, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

फोटो काढून टाकायला गेले, तर जमेना. माझे फोटो मी काढू शकत होते, दुसऱ्याचा नाही. तो टाकणारी काढणार, नाहीतर अल्बम जिने केला ती. जुळ्यांची आई बस चालवते, ड्युटीवर तिचा फोन डेपोच्या कपाटात असतो. अल्बम केला होता पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी, आणि सकाळीच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

स्वयंपाकीणबाईंना पोरांपाशी बसवून मी धावत निघाले. मोठ्या बाईंचं घर दोन गल्ल्यांवर आहे. त्या अंधाऱ्या खोलीत डोळ्याला पट्टी लावून पडल्या होत्या.

"बाई, अंगठा द्या," मी म्हटलं.

"काय लिहून घेतेस? घर?"

"तुमचा फोन उघडायचाय. घारूचा फोटो बाहेर गेलाय."

त्यांनी अंगठा पुढे केला. मी आधी त्या दोन ओळींसकट स्क्रीनशॉट घेतला आणि स्वतःला पाठवला. मग सदस्यांची यादी उघडली. अठ्ठावीस पालक मला माहीत होते. एकोणतिसाव्या जागी नाव नव्हतं, नुसतं एक अक्षर होतं, त्या दोन ओळींपुढे होतं तेच. त्याला काढलं. लिंक बंद केली. फोटो काढला, आणि त्याच्याबरोबर त्या दोन ओळीही गेल्या.

"गेला?" बाईंनी विचारलं.

"अल्बममधून गेला. त्याने स्वतःकडे उतरवून ठेवला असेल तर तिथून आपल्याला काढता येणार नाही."

"आत आलाच कसा पण तो?"

"आजी-आजोबांना बघता यावं म्हणून लिंक मीच पालकांच्या ग्रुपवर टाकली होती. ती ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो. कुणी पुढे पाठवली, देव जाणे."

बाई हळूच म्हणाल्या, "आता अल्बममध्ये काही नाही. तिला सांगू नकोस. बिचारी आत्ता कुठे सावरलीये. आणि पाळणाघराचं नाव..."

खरं सांगते, मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मूठ माझीच होती. पण फाटकाची पाटी तो वाचून बसला होता, आणि चार वाजता घारू त्याच फाटकातून बाहेर पडणार होती.

"चुकले मी. पण सांगणार," म्हणत मी तिथूनच घारूच्या आईला फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं, लिंक मी टाकली तेही. मला वाटलं ओरडेल. ती फक्त म्हणाली, "ते त्याने लिहिलेलं आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"पोलिसांना लागेल. जपून ठेवा. मी निघाले."

मी पाळणाघरात परतले. अडीच वाजता ती आली, बरोबर एक महिला पोलीस होती. मी घारूला मागच्या, भांडी धुवायच्या जागेकडच्या दाराने बाहेर आणलं. ती अर्धवट झोपेतच होती. मी बूट घालायला वाकले, तर तिची आई म्हणाली, "ते नको. ते त्याने बघितलेत."

मी तिला जुळ्यांपैकी एकीच्या जादा चपला घातल्या. त्या मोठ्या होत्या, चालताना फटफट वाजत होत्या. गाडीत बसता बसता घारूने मागे वळून पाहिलं.

"मावशी, उद्या माझा पण फोटो काढशील? तू सगळ्यांचे काढतेस, माझा कधीच नाही."

मी हो म्हटलं. घारू पुन्हा कधी आली नाही. निळे बूट अजून तिच्या खणात आहेत.