फेडीचा मार्ग

बँकेचा चपराशी बोलावणं देऊन गेला तसा शरच्चंद्र हातातलं काम टाकून निघाला. महाराज बाड्याच्या चौकामागे त्याचा बाइंडिंगचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या आणि तीन कारागीर! कागद कापायची मशीन घ्यायला त्याने कर्जाचा अर्ज केला होता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं: उद्देश मशीन खरेदी; फेड सचिवालयाच्या रजिस्टरांच्या कामातून, दोन वर्षांत. तारण राहतं घर.

राज्याची राजधानी हलणार आणि इथलं सचिवालय एक नोव्हेंबरला भोपाळला जाणार, हे जगजाहीर होतं. आपलं काम मात्र इथेच राहील, अशी समजूत हा शहाणा करून बसला होता. परवा तिथल्या बाबूने स्पष्टच सांगितलं, पुढची ऑर्डर नाही.

मॅनेजर दौलतसिंह हसून म्हणाले, "बधाई हो. मंजूर हो गया. यहाँ दस्तख़त कर दीजिए."

शरच्चंद्रने लेखणी उचलली. सही केली तर मशीन येईल, आणि वर्षभरात घर जाईल. खरं बोलावं तर मशीन हातची जाईल. लेखणी शाईत बुडवली, आणि परत ठेवली.

"साहेब, वो काम बंद हो गया," तो कसंबसं म्हणाला.

दौलतसिंहांनी कागद मागे ओढला. त्यांचं हसू मावळलं होतं. "और कुछ आमदनी?"

मिळकत होती. चार पिढ्या दरबारची दप्तरं बांधलेलं घराणं. त्याच घरात त्याची बायको शरयू सराफ्यातल्या दुकानांच्या हिशेबाच्या लाल वह्या शिवत होती, हे कुठल्या तोंडाने सांगणार? पत्र लिहिताना ती म्हणाली होती, "सराफ्याचं पण लिहा ना." तो तिच्यावर खेकसला होता.

त्याने ते आता सांगितलं.

"दुकानों के ऑर्डर लाइए, नई चिट्ठी लिखिए. रकम घटेगी. मिलेगा ही, यह नहीं कहता."

घरी शरयू वहीला टाके घालत होती, दिवाळी तोंडावर आलेली. सगळं ऐकून तिने ट्रंक उघडली. आत सात वर्षांच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या, साल लावून, दोऱ्याने बांधलेल्या.

"चौदा दुकानं आहेत," ती म्हणाली. "एकानेही काम सोडलं नाही. चिठ्ठ्या केव्हाच्या बांधून ठेवल्यात. वाटलं होतं, कधी तरी विचाराल."

शरच्चंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती गेली नव्हती, नव्या अर्जातही तारण घरच होतं. त्याने कोरा कागद घेतला, उद्देश लिहिला आणि फेडीपाशी थांबला.

"तू सांग," तो म्हणाला, "मी लिहितो."