रांजणाचा नाद

मोरोक्कोतल्या आसफीच्या कुंभारटेकडीवर भट्ट्यांचा धूर समुद्राकडे जातो आणि माणसाचं बोलणं टेकडीवरच राहतं. कुणाचा रांजण तडकला, कुणाची सून भांडून गेली, सगळं संध्याकाळच्या पुदिन्याच्या चहापर्यंत दारोदार पोचलेलं असतं. म्हणून झोहरने पत्र पाठवण्याआधीच साऱ्या टेकडीला पत्राची खबर होती.

"काय गं लल्ला झोहर, कुरिअरवाल्यांना नमवणार म्हणे तू?" शेजारच्या भट्टीवरच्या मालेम दहमानने हाक मारली. लल्ला म्हणजे बाईसाहेब, मालेम म्हणजे कारागिरांतला उस्ताद. दहमानला ते नाव त्याच्या बापामुळे मिळालं होतं, हातामुळे नव्हे.

"नमवायचंय कशाला? नियमाने मागतेय."

"माग, माग. नियमाने मागणाराला नियमानेच नाही म्हणतात."

झोहरने मान वळवली. अंगणात कामाला असलेली तामो खापऱ्या कुटत बसली होती. फुटलेलं भांडं कुटून नव्या मातीत मिसळायचं ही टेकडीची रीत. तामो मुसळाच्या ठोक्यावर गात होती:

ठोकून बघावं मडकं, तसा ठोकून बघावा जावई,
नाद खोटा निघाला तर परत कुठं गं न्यावा, बाई.

ज्या रांजणासाठी पत्र होतं तो झोहरच्या बापाचा, मालेम बूशाईबचा. कमरेएवढा उंच, आतून पांढरा, बाहेरून समुद्राच्या निळ्या झिलईचा. तांजा शहरातल्या एका हॉटेलने दालनात ठेवायला मागवला होता. हा पसंत पडला की आणखी बारा घेऊ म्हणाले होते. चार मार्चला पार्सल निघालं, सातला पोचलं आणि हॉटेलने उघडलं तर आत रांजण नव्हता, त्याचे अकरा तुकडे होते.

आठ तारखेला झोहरने ईमेल लिहिलं. फ्रेंचमध्ये, नीट टाके घातल्यासारखं एकेक वाक्य.

"विषय: पार्सलमधील मालाचं नुकसान, भरपाईचा दावा. आपल्या कंपनीमार्फत चार मार्चला आसफीहून तांजाला एक हस्तनिर्मित रांजण पाठवला. पाठवताना चौदा हजार दोनशे दिरहम ही किंमत जाहीर केली आणि त्यावरचा विमा हप्ता भरला. पावती सोबत आहे. सात मार्चला माल फुटलेला मिळाला. खोक्यावर बाहेरून खूण नसल्याने पोचपावतीवर शेरा मारता आला नाही. मात्र उघडताच, त्याच दिवशी, हॉटेलने आपल्याला कळवलं. पुरावे: बाहेरच्या खोक्याचे, आतल्या पेंढ्याचे, लेबलचे आणि अकराही तुकड्यांचे फोटो, हॉटेलचं बिल, हॉटेलचं निवेदन, आणि बांधणीआधी रांजण अखंड असल्याची व्हिडिओफीत. मागणी: मालाचे चौदा हजार दोनशे आणि वाहतुकीचे सहाशे चाळीस, एकूण चौदा हजार आठशे चाळीस दिरहम. खोकं, पेंढा आणि तुकडे जपून ठेवले आहेत. अठरा मार्चपर्यंत पाहणी व्हावी आणि एकतीस मार्चपर्यंत लेखी निर्णय मिळावा."

पत्रातली सगळ्यात भक्कम वस्तू होती ती व्हिडिओफीत. त्यात मालेम बूशाईब रांजणाच्या कुशीवर बोटाच्या पेराने तीनदा ठोकतो, कान लावतो आणि मान हलवतो. ही मान म्हणजे टेकडीचा शिक्का. तीस वर्षं साऱ्या कुंभारांचे मोठे रांजण शनिवारी त्याच्या अंगणात यायचे. त्याने ठोकून मान हलवली तर माल बाजारात. नाही हलवली तर तामोच्या मुसळाखाली. व्यापारी विचारायचे, बूशाईबने ऐकलाय का? बस, तेवढंच. त्याच्याकडे पैसा नव्हता, बायको गेली होती, एक मुलगा समुद्रापलीकडे जाऊन पत्ता विसरला होता. कान मात्र होता. माणसं त्याला 'टेकडीचा कान' म्हणायची आणि तो ते ऐकून खाली बघायचा, नव्या नवरीसारखा.

झोहरने फीत जोडण्याआधी तीनदा पाहिली होती. बाचा चेहरा दिसतो का, रांजणाच्या बुडाचा शिक्का दिसतो का, तारीख दिसते का. फोनचा आवाज बंद होता. बाचा कान असताना आपला कशाला?

हॉटेलने तुकडे त्याच खोक्यातून, त्याच पेंढ्यासकट परत पाठवले. झोहरने खोकं चटईखाली झाकून ठेवलं आणि बापाला बजावलं, "बा, याला हात लावायचा नाही. तामोला पण सांगा. हे खापर नाही, पुरावा आहे."

"काय?"

"पुरावा."

"हां, हां," बूशाईब म्हणाला. अलीकडे तो 'हां, हां' फार म्हणायचा.

सोळा तारखेला, मुदतीच्या दोन दिवस आधी, कुरिअर कंपनीचा सर्व्हेअर आला. झोहरला वाटलं, तारीख घातली म्हणून घाबरले. मुफद्दल नावाचा पन्नाशीचा माणूस, इस्त्री केलेला सदरा, बोलणं लोण्यात बुडवलेलं. तो अंगणात शिरला तशी आसपासच्या भट्ट्यांवरची माणसं कामं टाकून आली. दहमान तर स्वतःची चौकीच घेऊन आला आणि बसला.

"लल्ला, पत्र सुरेख लिहिलंत," सर्व्हेअर म्हणाला. "इतकी स्वच्छ फाईल मला वर्षात एखादी मिळते."

त्याने खोक्याचे चारही कोपरे चाचपले. मार नाही. पेंढा पाहिला. चार बोटं जाड, नीट भरलेला. त्याने तेही लिहून घेतलं, बांधणी योग्य. झोहरचा जीव हलका झाला. मग त्याने तुकडे एकेक करून उन्हात मांडले आणि त्यातला एक लांबट तुकडा उचलून तिच्यापुढे धरला.

"ही कड बघा. बाकीच्या कडा कशा आहेत? कोऱ्या, लाल. आणि ही?"

कडेवर वीतभर निळी झिलई ओघळून सुकली होती. भांडं प्रवासात फुटलं तर फुटल्या कडेवर झिलई कुठून येणार? भेग झिलई लावण्याआधीची होती. झिलईने ती वरून झाकली होती, पापुद्र्यासारखी.

"माझे आजोबा याच टेकडीवर कुंभार होते," सर्व्हेअर मऊ आवाजात म्हणाला. "मला वाटलं, आपलीच नजर चुकत असेल. म्हणून तुमची फीत पुन्हा ऐकली."

त्याने फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि खोक्यावर ठेवला.

बूशाईबचं पेर रांजणावर पडलं. बद्द. पुन्हा बद्द. तिसऱ्यांदा बद्द, जणू कुणी ओल्या पोत्यावर काठी मारली. आणि त्यानंतर फितीतला बूशाईब समाधानाने मान हलवत होता.

तामोचं मुसळ हातात राहिलं. सगळ्यांनी ऐकलं. एकानेच नाही. बूशाईब पुढे झाला, फोनमधलं स्वतःचं तोंड पाहून हसला आणि सर्व्हेअरच्या दंडाला हात लावून म्हणाला, "ऐकलंत ना? घंटा आहे घंटा. असा नाद आता कुणाच्या भट्टीतून निघत नाही."

दहमानने ओठांवर आलेलं हसू दाढीत लपवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "खरंय मालेम. अगदी मशिदीपर्यंत गेला." आणि दोघंतिघं खोकली.

झोहरने त्या माणसांच्या तोंडांकडे पाहिलं. एकाच्याही तोंडावर नवल नव्हतं.

सर्व्हेअरने तिला बाजूला घेतलं. "विमा प्रवासातल्या नुकसानीचा आहे, मालातल्या मूळ दोषाचा नाही. अहवाल लिहिला तर हेच लिहावं लागेल, आणि फीत कुणाची, ठोकणारा कोण, तेही. तुम्ही दोन ओळींत दावा मागे घेतलात तर फाईल इथेच बंद. मी काही ऐकलं नाही."

"म्हणजे उपकार?"

"आजोबा इथले होते म्हणून. नाहीतर मला लिहायला पाचच मिनिटं लागतात."

तो चहा न घेता गेला. झोहर तशीच दहमानपुढे उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"टेकडीवर कुणाला माहीत नाही?"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील." दहमानने सावकाश चौकीची धूळ झटकली. "पहिल्यांदा माझाच एक रांजण बद्द वाजला. म्हटलं, गेला मुसळाखाली. तर तुझ्या बाने मान हलवली. मी काय सांगायला जाऊ, मालेम, मान चुकली तुमची? मोठ्या माणसाचा अपमान?"

"आणि तो रांजण?"

"विकला. बूशाईबने ऐकलेला होता ना." तो उठला. "रागावू नकोस पोरी. पूर्वी दहातले तीन कुटायला जायचे, आता एकही जात नाही. सगळ्या टेकडीचं बरं चाललंय त्या कानावर. तू काय करणार, त्याला सांगणार? सांग. मग शनिवारी त्याच्या दारात कोण येतं ते बघ. तो जगतो त्या शनिवारांवर, तुझ्या भाकरीवर नाही."

झोहरने त्या दुपारी लिहिलं. "विषय: दावा मागे घेणेबाबत. आठ मार्चचा आमचा दावा आम्ही स्वेच्छेने मागे घेत आहोत. पुढील निर्णयाची अपेक्षा नाही." एकतीस मार्च ही तारीख तिने मोठ्या तोऱ्याने घातली होती. ती आता कुणाचीच नव्हती. मग हॉटेलला आगाऊ रक्कम परत करण्याचं पत्र. बारा रांजणांबद्दल त्यांनी उत्तरात काही लिहिलं नाही, तिनेही विचारलं नाही.

बूशाईब दारात येऊन उभा राहिला. "काय म्हणाला तो साहेब?"

तिने तोंड त्याच्याकडे केलं. आता कळलं, तो वर्षभर तिच्या ओठांकडे का बघतो. सांगावं असं फार आलं. ओठांवर आलंच होतं, नुसता आवाज काढायचा राहिला होता. आणि आवाजाची तर गरजच नव्हती.

"म्हणाला, नाद चांगला होता."

"मग पैसे?"

"खोक्यावर खूण नाही म्हणून नाही देत."

"चोर," बूशाईब म्हणाला, आणि मान ताठ करून भट्टीकडे गेला.

शनिवारी अंगण भरलं. अडतीस रांजण आले, इतके आधी कधी आले नव्हते. झोहरने बाला काही सांगितलं नाही, ही बातमी फिरली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं खराब माल कोपऱ्यात टाकून ठेवला होता, त्यांनीही तो पुसून आणला. दहमानचे एकट्याचे नऊ होते. तामो मुसळ घेऊन बसली होती आणि तिला काम नव्हतं.

बूशाईबने धुतलेला पांढरा, पायघोळ जेलाबा घातला होता. पहिल्या रांजणावर वाकला, पेराने तीनदा ठोकलं. बद्द, बद्द, बद्द. त्याने डोळे मिटून कान लावला आणि मान हलवली.

"घंटा," तो म्हणाला.

"घंटा, मालेम," सगळे म्हणाले.

झोहर वही घेऊन बसली होती. तिने नोंद केली आणि म्हणाली, "पुढचा."

संध्याकाळी त्यांचा स्वतःचा एक छोटा रांजण मराकेशला जायचा होता. बाने तो ठोकला, मान हलवली. या वेळी झोहरने कान उघडे ठेवले होते. तिने पेंढा चार बोटं जाड भरला, खोकं शिवलं आणि कुरिअरच्या अर्जावर जाहीर किमतीच्या, म्हणजे विम्याच्या, चौकटीत आडवी रेघ मारली.