अक्काला कोण अहो म्हणतं?

भार्गवीच्या मस्तकात तिडीक गेली ती रशियाहून आलेल्या पत्रानं. कानडी मुलखातल्या बेलूरच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ती रशियन पत्रव्यवहार सांभाळायची, आणि गालिना सेर्गेयेव्हना ही तिकडची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. बाईंनी लिहिलं होतं : ‘आपण अजून इतक्या सलगीचे झालो नाही. तुमच्या भाषांतरकार बाईंना रशियन येत नसेल तर दुसरं कुणी नेमा. तोवर नवी ऑर्डर थांबवली आहे.’

रशियनमध्येही तू वेगळं, तुम्ही वेगळं. धंद्याच्या पत्रात तुम्हीच. तूवर यायचं झालं तर ते मोठ्या माणसानं सुचवायचं, धाकट्यानं नाही. भार्गवी हे पुण्यात राहून शिकली होती, आणि तुम्हीच लिहीत आली होती. पण पाठवलेलं पत्र उघडलं तर ओळीओळीला तू. ‘तू काळजी करू नकोस, तुझे गळके व्हॉल्व्ह बदलून देतो.’ खाली तिचं नाव.

ती तडक मालकाच्या केबिनमध्ये शिरली.

“संजीवअण्णा, माझ्या पत्राला हात कुणी लावला?”

“मीच की. तुझं लई परकं वाटत होतं. मोबाईलला सांगितलो, आपलेपणानं भाषांतर कर म्हणून. घरी जेवून गेलीय गं ती, अक्का म्हणतो मी तिला. अक्काला कोण अहो म्हणतं? हौदिल्लो? खरं का नाही?”

खोटं बोलत नव्हता मेला. त्याच्या घरी आई, अक्का, देव, सगळे तूच. पण तिकडे ओळख नसताना तू म्हणजे समोरच्याला कमी लेखणं. प्रेमापोटी माती केली होती, आणि तोंड काळं हिचं.

“आता माफीचं लिही,” संजीव म्हणाला. “चूक भाषांतरकाराची म्हण. तुझं काय जातंय?”

काय जातंय! या धंद्यात रशियन जाणणारी माणसं मोजकी. एकाकडे नाव गेलं की सगळीकडे गेलं. भार्गवीनं दात-ओठ खात लिहिलं. संजीवनं मोबाईल तिच्या पडद्यासमोर धरून मराठीत वाचलं :

‘आदरणीय गालिना सेर्गेयेव्हना, चूक भाषांतरकाराचीच. तुम्ही म्हणता ते खरं, त्याला रशियन येत नाही. तो तुम्हाला थोरली बहीण मानतो, आणि आमच्याकडे बहिणीला तू म्हणतात. क्षमा असावी. त्या पत्राचा भाषांतरकार : संजीव, कारखान्याचा मालक.’

संजीव लालबुंद झाला. “नोकरी नको वाटतं तुला?”

“नको. पण पाठवायचं तर हेच पाठवा. नाहीतर सांगा पुन्हा मोबाईलला, आपलेपणानं!”

मोबाईलला सांगायची त्याची छाती झाली नाही. त्यानं पुटपुटत कळ दाबली.

“झालं समाधान?”

“नाही,” म्हणून भार्गवीनं कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. मराठीत, याचं तरी भाषांतर त्यानं करायला नको.