दिवाळीच्या शुभेच्छा

शुक्रवारी सकाळी साडेअकराला नांदेडच्या बियाणे कंपनीतून उज्वलाचा फोन आला, तेव्हा धम्मप्रिया ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून सोयाबीनचे अंकुर मोजत होती. लातूरच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती हेच करत आली होती. शंभर-शंभर दाण्यांच्या चार गुंडाळ्या, आठ दिवस पंचवीस अंशांवर, मग धड रोपं वेगळी, वाकडी वेगळी, कुजलेले दाणे वेगळे. मोजताना कुणाशी बोलावं लागत नसे. एरवीही फारसं बोलावं लागत नसे. खोलीवर ती एकटी, आणि भोकरजवळचं गाव सणावारापुरतं.

"मॅडम, सोया एकशे सत्तेचाळीस लॉटचा रिपोर्ट कधी देताय? गाडी भरून राहिली हितं."

धम्मप्रियाच्या हातातला चिमटा थांबला. "मंगळवारीच पाठवलाय की. नापास आहे तो. उगवण अठ्ठावन्न टक्के."

"अठ्ठावन्न?" पलीकडे मागे हमालांचा गलका होता. "आवं, फेब्रुवारीत शहात्तर होती म्हणून तर गाडी लावली! मला काहीच आलं न्हाई. एकशे सत्तेचाळीस टाकून शोधलं, शून्य."

सोयाबीनला सत्तर टक्के लागते. उन्हाळ्यात गोदाम तापलं की दाण्याचा जीव जातो, आणि वरून पाहता काही कळत नाही.

"गाडी कुठे चाललीय?"

"भोकरला. एक वाजता सुटंल."

धम्मप्रियाने संगणक उघडला. मेल गेलेली होती. मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं, उज्वलाच्या पत्त्यावर. मजकूर एका ओळीचा: सोबत अहवाल जोडला आहे. अहवाल म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो. आणि वर विषयाच्या जागी तेच, जे सहा वर्षं होतं: दिवाळीच्या शुभेच्छा.

ती पद्धत व्यंकटरावांची. ते उज्वलाच्या आधीचे गुणवत्ता अधिकारी, मार्चअखेर निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दिवाळीला शुभेच्छा धाडल्या होत्या, आणि तिने त्यावरच उत्तर देऊन एक अहवाल जोडला होता. लगेच त्यांचा फोन आला होता. "ताई, आता नवी मेल काढूच नका. मला लई शोधावं लागतं. हिच्यावरच उत्तर मारत जा, म्हंजी हाय ते एका जागी ऱ्हाईल." तेव्हापासून सगळे लॉट त्या एकाच दिवाळीत जात होते. ती मेल उघडून उत्तराचं बटण दाबायचं, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की विषयाची ओळ तिला दिसतही नव्हती. मंगळवारचा अहवाल उज्वलाला जाणारा पहिलाच, आणि तेव्हाही तिने फक्त पत्ता बदलला होता.

"उज्वलाताई, 'दिवाळीच्या शुभेच्छा' नावाची मेल बघा."

उज्वला हसली, पण ते हसू पुरतं नव्हतं. "आवं मॅडम, मे महिन्यात दिवाळी कोण उघडतंय? मला वाटलं, चुकून आली कुणाची तरी."

"मग आता गाडी थांबवा."

"माझ्या तोंडच्या शब्दावर गेट बंद होत न्हाई. मला येऊन दोन महिने झालेत. आमच्या मोठ्या साहेबांनी, शेषेरावांनी सांगावं लागतं, आन् साहेब औश्याला लग्नात. तीनदा फोन लावला, बँड वाजून राहिलाय, उचलत न्हाईत. मेल तेवढी बघतात मोबाइलवर. बघतात म्हंजी, वरची ओळ बघतात. तुम्ही प्रयोगशाळेकडून दोघांनाबी पाठवा."

धम्मप्रियाने नवी मेल काढली. घाईत विषय लिहिला: अत्यंत महत्त्वाचा अहवाल, कृपया त्वरित पाहावा. पाठवली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. औश्याहून काही नाही.

तिनेच नांदेडला फोन लावला. "मिळाली?"

"मिळाली. पण साहेब उघडायचे न्हाईत. असल्या महत्त्वाच्या सकाळपासून चार आल्यात, त्यातल्या दोन बँकेच्या. मोबाइलवर 'अत्यंत महत्त्वाचा अह' एवढंच दिसतंय, फुडं टिंबं. कशाचं महत्त्वाचं, ते कुठंय?"

बारा वाजून गेले होते. धम्मप्रिया खुर्चीत टेकून बसली. गुंडाळीवर ती रोज पेन्सिलने लिहायची: लॉट क्रमांक, पीक, तारीख. कधी 'महत्त्वाची गुंडाळी' असं लिहिलं नव्हतं. गुंडाळी न उलगडता आत काय आहे ते कळावं, म्हणून तर ती चिठ्ठी.

तिने सावकाश टाइप केलं: सोया-१४७ नापास, उगवण ५८% – गाडी सोडू नका.

आत चार ओळी: लॉट, तारीख, निकाल, किमान मर्यादा. अहवालाच्या फाइलचं नावही बदलून लॉट क्रमांकाचं केलं. मग पाठवली.

तीन मिनिटांनी शेषेरावांचं उत्तर दोघींना आलं. एकच शब्द होता: थांबवा.

उज्वलाचा फोन आला तेव्हा मागचा गलका बदलला होता. पोती उतरत होती. "हमाल मला शिव्या घालून राहिलेत. घालू द्या. मॅडम, आता फुडचं. ह्याच लॉटचा फेब्रुवारीचा रिपोर्ट लागतो, गोदामवाल्याला दाखवायला. व्यंकटरावांचा मेलडबा बंद केलाय कंपनीनं, तुमच्याकडूनच घ्यावा लागंल. आन् ह्या हंगामातले बाकीचे लॉटबी, एकेकाची वेगळी मेल करून. म्हंजी पुढच्या साली शोधलं की गावतंय."

"करते."

दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. पंख्याचा आवाज आणि उगवण-कपाटाची घरघर. धम्मप्रिया दिवाळी उघडून बसली. तीनशे चाळीस मेल. फोटोंच्या नावांवरून काही कळत नव्हतं, एकेक उघडूनच बघावा लागत होता. फेब्रुवारीचा अहवाल शोधताना मधे मधे व्यंकटराव भेटत होते. लॉटच्या यादीखाली दोन शब्द: जेवलात का. लातूरला पाणी आलं का नळाला. ताई, गावाकडं जाऊन या एकदा. कितीक तर तिने तेव्हा वाचलेच नव्हते. वरचे आकडे टिपून घ्यायची आणि बंद करायची.

फेब्रुवारीचा अहवाल सापडला. तिने तो वेगळा पाठवला: सोया-१४७, उगवण ७६%, पास, फेब्रुवारी. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

मार्चच्या शेवटच्या मेलमध्ये अकरा लॉटची यादी होती. ती तिने उतरून घेतली होती, आठवत होतं. आज यादी संपल्यावरही तिने खाली सरकवलं.

"ताई, एकतीसला निवृत्त होऊन राहिलो. हा माझा घरचा मेल, पोरीनं काढून दिला. मुदखेडला घरी बसून करमायचं न्हाई. तुमचं लिहिणं आलं तर बरं वाटंल. उत्तर नाही आलं तर समजंल, कामात आहात."

खाली पत्ता होता.

दोन महिने मुदखेडच्या घरात एक माणूस समजून होता की ती कामात आहे.

मग तिने नवी मेल काढली. तो पत्ता घातला. विषयाच्या ओळीवर बोटं थांबली. व्यंकटराव चष्मा कपाळावर ढकलून मोबाइल लांब धरतील, पहिले चार शब्द वाचतील. पुढे टिंबं.

तिने लिहिलं: धम्मप्रिया, लातूर – कामाचं नाही.

आत काय लिहायचं, ते मात्र अजून सुचत नव्हतं. पंखा फिरत होता. मग तिने टाइप केलं: जेवलात का?